पाकिटावरचा कांदा कोणत्या महिन्यातला?

बियाण्याच्या पाकिटावरचा हसरा शेतकरी आणि त्याच्यामागचे हिरवेगार शेत पाहून खरेदीचा निम्मा निर्णय होतो. पण त्या फोटोतले पीक किती दिवसांचे आहे आणि त्यावर पडलेले ऊन कोणत्या वेळचे आहे, हे पाकिटावर कुठेच लिहिलेले नसते. ते लिहायला हवे. का, ते आंबेगाव तालुक्यातल्या कांद्याच्या उदाहरणातून समजून घेऊ.

मुद्दा काय आहे?

ऑगस्ट उजाडला की घोडेगाव, मंचर, नारायणगावच्या कृषी सेवा केंद्रांत रब्बी कांद्याच्या बियाण्याची विचारपूस सुरू होते. काउंटरवर पाकिटे मांडलेली असतात. जवळपास प्रत्येकावर एकच दृश्य दिसते. शेतकऱ्याने दोन्ही हातांत लालबुंद, चकचकीत कांदे धरले आहेत, मागे गुडघाभर ताठ हिरवी पात आहे आणि सगळ्यावर सोनेरी ऊन सांडले आहे.

ज्याने एकदा तरी कांदा काढला आहे, त्याला या दृश्यात काहीतरी खटकते. पात ताठ आणि गर्द हिरवी असेल, तर कांदा अजून पोसायचा आहे. हातातला कांदा कोरडा आणि चकचकीत असेल, तर तो शेतातून निघून कित्येक दिवस झाले आहेत. म्हणजे एकाच फोटोत पिकाच्या दोन अवस्था आहेत, त्यांच्यामध्ये निदान महिना दीड महिन्याचे अंतर आहे आणि ते कुणीतरी पुसून टाकले आहे.

यात बिघडले काय, असा प्रश्न कुणी विचारेल. शेतकरी काही फोटो पाहून शेती करत नाही, हे खरेच. पण नवे वाण घेताना त्याच्यासमोर दुसरे काय असते? बी सगळ्या वाणांचे काळेच दिसते. कांद्याचा रंग, आकार, मानेची जाडी, पात पडते की नाही, हे सगळे चार महिन्यांनंतर कळणार असते. ते आज सांगणारी एकच गोष्ट पाकिटावर असते आणि ती म्हणजे फोटो. म्हणून हा फोटो सजावट म्हणून सोडून देता येत नाही. तो वाणाबद्दल केलेला दावा आहे आणि दाव्याला लावतात तीच कसोटी त्यालाही लावायला हवी.

कायदा काय म्हणतो?

ही कसोटी कायद्यात आधीपासून आहे. बियाणे अधिनियम १९६६ सालचा आणि त्याखालचे नियम १९६८ सालचे. त्यांनुसार अधिसूचित वाणाच्या पाकिटावर वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख, निव्वळ वजन आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो. बियाण्याला औषध चोळले असेल तर त्याचे नावही द्यावे लागते. कांद्याच्या बाबतीत किमान उगवणशक्ती ७० टक्के आणि शुद्धता ९८ टक्के असावी लागते.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा फार कमी होते. पाकिटावरच्या लेबलवर बियाण्याबाबत खोटे किंवा दिशाभूल करणारे काहीही असू नये, असे नियम सांगतो. त्यात विधान आणि दावा यांच्याबरोबर आकृतीचा, म्हणजे डिझाइनचाही उल्लेख आहे. दिशाभूल शब्दांतूनच होते असे नाही, चित्रातूनही होते, हे नियम करणाऱ्यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. एखादी व्यक्ती जाहिरातीत वस्तूची शिफारस करत असेल, तर ती तिच्या खऱ्या मतावर आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे, असे त्या सांगतात. शेतकऱ्याला ‘मी हेच बी वापरतो’ अशा थाटात उभे करायचे असेल, तर त्याने ते खरोखर पेरलेले असले पाहिजे, हा त्याचा साधा अर्थ.

पिकाची अवस्था फोटोत कशी दिसते?

आता घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शिनोलीचे उदाहरण घेऊ. समजा, तिथल्या एका शेतात नोव्हेंबरच्या सुरुवातीपूर्वी गादीवाफ्यावर बी टाकले आणि १५ डिसेंबरला रोपांची लागवड केली. १४ एप्रिलला त्या लागवडीला १२० दिवस होतील. रब्बी कांद्याची काढणी साधारण याच सुमारास येते.

काढणी कधी करायची, हे पीकच सांगते. पाण्याचा ओघ थांबतो, माना मऊ पडतात आणि पात आडवी होते. शेतातल्या निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा काढायला आला असे समजतात. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलेले असते. म्हणजे काढणीच्या दिवशीचा खरा फोटो काय दाखवेल? पात पिवळट हिरवी आणि बरीचशी लोळलेली, जमीन कोरडी आणि भेगाळलेली, कांद्याचा वरचा भाग मातीबाहेर आलेला. उपटलेल्या कांद्याच्या मुळांना माती असेल आणि वरची साल अजून ओलसर असेल.

चकचकीत, कागदासारखी कोरडी साल नंतर येते. काढलेला कांदा पातीसकट तीन दिवस शेतातच सुकवतात. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल अशी ती रचतात, म्हणजे कांदा उन्हाने भाजत नाही. मग दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापतात आणि कांदा आणखी दहा-बारा दिवस सावलीत ठेवतात. त्यानंतरच तो चाळीत जातो. त्यामुळे चकचकीत कांदा दाखवायचा असेल, तर फोटो चाळीपाशी किंवा झाडाखालच्या ढिगापाशी काढावा. तोही खराच फोटो असेल. खोटेपणा सुरू होतो तो ढिगातला कांदा उचलून हिरव्या शेतात नेल्यावर.

अवस्थेची आणखी एक गफलत नेहमी होते. कांद्याचे पांढरे गोल गोंडे फुललेले शेत फोटोत फार देखणे दिसते. पण ते बीजोत्पादनाचे शेत असते. तिथे आदल्या हंगामातले कांदे लावून त्यांच्यापासून बी घेतात. ज्याला बाजारात कांदा विकायचा आहे, त्याच्या शेतात फूल आले तर त्याला डेंगळा म्हणतात आणि तो कांदा वाया गेला असे धरतात. कांद्यासाठी विकायच्या बियाण्यावर गोंड्यांचा फोटो छापणे म्हणजे पिकाचा दोषच शोभेला लावणे.

खरीप कांद्याचे गणित वेगळे आहे. त्याची लागवड जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि काढणीच्या वेळीही बऱ्याचदा पात आपणहून पडत नाही. ती रिकामा ड्रम फिरवून पाडावी लागते. म्हणून लोळलेली पात हा रब्बी कांद्याचा पुरावा आहे. खरिपाच्या पाकिटावर तीच दाखवली, तर फोटो दुसऱ्या हंगामातून उचलला असावा, अशी शंका घ्यायला जागा राहते.

उन्हाचा आणि वाणाचा संबंध

शिनोलीपासून फार दूर नसलेल्या राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा नावाने ओळखले जाणारे वाण तिथलेच. त्यांतल्या भीमा किरणचा कांदा फिक्कट लाल आहे, तर भीमा डार्क रेड नावाप्रमाणेच गडद. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण बाजारात रंग बघून भाव ठरतो.

आता हाच फिक्कट लाल कांदा सूर्य मावळताना हातात धरून फोटो काढला, तर तो गडद तांबडा दिसतो. त्या वेळचा प्रकाशच नारिंगी असतो. वर मोबाइलमधला एखादा उबदार फिल्टर चढवला, की रब्बीचा फिक्कट वाण खरिपाच्या गडद वाणासारखा दिसू लागतो. फोटो काढणाऱ्याने कांदा बदललेला नाही, फक्त ऊन बदलले. पण पाकीट घेणाऱ्याला दिसलेला वाण बदलला. म्हणून प्रामाणिक ऊन ही छायाचित्रकाराची हौस मानू नये. पाकिटावर ती वाणाची माहिती असते.

मग ऊन कोणते निवडावे? एप्रिलच्या मध्यात शिनोलीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. तेव्हा तो इतका उंच असतो, की साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली फूटभरही पडत नाही. टोपीला झालर नसल्यामुळे कपाळ उजळते, डोळ्यांच्या खोबणी मात्र काळ्या पडतात. कांद्याचा माथा पांढरा चमकतो आणि बाजू अंधारात जाते. असा फोटो खरा असला तरी काही सांगत नाही.

सकाळी आठच्या सुमारास त्याच माणसाची सावली तेरा फूट लांब पडते, साडेआठला नऊ-साडेनऊ फूट. ऊन तिरपे असते, पण पहाटेचा तांबूसपणा बराचसा गेलेला असतो. चेहरा, कांद्याची साल आणि मातीची ढेकळे, तिन्ही नीट दिसतात. शिवाय एप्रिलच्या उन्हात काढणीचे काम सकाळीच जोरात असते. त्यामुळे फोटोसाठी कुणाला मुद्दाम उभे करावे लागत नाही. बायका विळ्याने पात कापत बसलेल्या असतात, कुणी पाट्या भरत असते. संध्याकाळच्या उन्हाची सोय इथे कमी, कारण पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आहेत आणि जे ऊन मिळते ते रंग बदलणारे.

रंग खरा राहावा यासाठी एक साधा उपाय आहे. पहिल्या फोटोत शेतकऱ्याच्या हातात कांद्याबरोबर एक पांढरा कोरा कागद द्यायचा. नंतर संगणकावर तो कागद पांढरा दिसेपर्यंतच रंग दुरुस्त करायचा, त्यापुढे नाही. चेहऱ्यावरची सावली हलकी करायची असेल, तर शेतातलीच पांढरी रिकामी गोणी समोरून धरली तरी पुरते.

खोटेपणा कसा ओळखायचा?

पहिली खूण सावलीची. शेतकऱ्याच्या हनुवटीखालची सावली एका बाजूला आणि पातीची सावली दुसऱ्या बाजूला पडत असेल, तर माणूस आणि शेत वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. वर्षाच्या काळाचाही अंदाज बांधता येतो. डिसेंबरच्या अखेरीस शिनोलीत भरदुपारीही माणसाची सावली पाच फुटांच्या आसपास असते. एप्रिलच्या दुपारी ती पायाशी गोळा होते. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच दिवस ढग असल्याने सावलीच धूसर असते. खरिपाच्या लागवडीचा फोटो कोरड्या, कडक उन्हात न्हालेला असेल, तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुसरी खूण मातीची. सरीत पाणी चमकते आहे आणि हातात काढणीचा कांदा आहे, असे सहसा घडत नाही. पाणी तर पंधरा दिवस आधीच तोडलेले असते.

तिसरी खूण आकाराची. मोबाइलचा कॅमेरा जवळची वस्तू मोठी दाखवतो. चेहरा कॅमेऱ्यापासून चार फुटांवर आणि पुढे केलेल्या हातातला कांदा दोन फुटांवर असेल, तर चेहऱ्याच्या तुलनेत कांदा दुप्पट दिसतो. पाच-सहा सेंटीमीटरचा मध्यम कांदा बघता बघता नारळाच्या बरोबरीला येतो. कांदा छातीजवळ धरला आणि कॅमेरा सहा-सात फूट मागे नेला, की ही फसवणूक संपते. हाताचा तळवाच मग मोजपट्टीचे काम करतो.

चौथी खूण अतिस्वच्छतेची. कांद्याच्या शेतात फुलकिडे असतातच आणि त्यांनी रस शोषल्याचे चंदेरी पट्टे पातीवर राहतात. काढणीच्या वेळी पातीची टोके वाळलेली असतात. डागविरहित, एकसारखी हिरवी पात असलेले १२० दिवसांचे कांद्याचे शेत बहुधा संगणकात पिकलेले असते.

खताच्या पाकिटाचे काय?

अनुदानित खतांच्या गोणीवर आता अशा फोटोला फारशी जागा नाही. ‘एक राष्ट्र, एक खत’ योजनेत २ ऑक्टोबर २०२२पासून ‘भारत’ हे एकच नाव आले. गोणीचा दोन तृतीयांश भाग योजनेच्या नावासाठी आणि चिन्हासाठी ठेवला गेला, कंपनीला उरला एक तृतीयांश. पण विद्राव्य खते, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि वाढीची औषधे यांच्या पाकिटांवर फोटोंची चलती आहे.

तिथली चूक वेगळ्या प्रकारची असते. कांद्याला नत्र द्यायचे ते लागवडीच्या वेळी आणि पुढे साधारण ३० व ४५ दिवसांनी. उशिरा नत्र दिले तर माना जाड राहतात आणि कांदा चाळीत टिकत नाही. तरीही नत्राच्या पाकिटावर दिसतो तो काढणीचा भरघोस कांदा. वाचता न येणारा किंवा बारीक अक्षर न दिसणारा माणूस त्यातून काय अर्थ घेईल? कांदा भरायच्या वेळी हे टाकायचे, असाच. खताच्या पाकिटावर ३० ते ४५ दिवसांचे, वीतभर-दीड वीत उंचीचे पीक दाखवणे हेच खरे मार्गदर्शन आहे, मग ते कमी देखणे दिसले तरी चालेल.

‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडफोटोंतही उन्हाची चलाखी चालते. पहिले पान तिरप्या पिवळ्या उन्हात धरले की ते पिवळे, भुकेले वाटते. दुसरे सावलीत धरले की गर्द हिरवे. खताचा एक दाणाही न टाकता फरक दाखवता येतो. जोडफोटो द्यायचेच असतील, तर खत दिलेली आणि न दिलेली ओळ एकाच दिवशी, एकाच फोटोत शेजारी शेजारी दिसली पाहिजे.

कंपन्यांची बाजू आणि तिची मर्यादा

बियाणे विकणारे म्हणतील की एकच पाकीट राज्यभर जाते. शिनोलीतला कांदा दाखवला तरी सोलापूरच्या जमिनीत तो तसाच येईल कशावरून? हा आक्षेप रास्त आहे. जमीन, पाणी आणि हवामान बदलले की पीक बदलते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. फोटो सगळीकडे लागू नसेल, तर तो कुठला आणि कधीचा हे सांगणे अधिकच गरजेचे ठरते. ठिकाण दिसले की शेतकरी स्वतःच हिशेब करतो. हे धरणाच्या पाण्यावरचे आहे, माझ्याकडे विहिरीला मार्चपर्यंतच पाणी टिकते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

वेळेची अडचणही खरी नाही. एप्रिलमध्ये फोटो काढला तर रब्बीचे बी ऑगस्टमध्ये बाजारात येईपर्यंत तीन-चार महिने मिळतात.

खऱ्या फोटोची मर्यादाही ओळखायला हवी. तो वाण कसा दिसतो हे सांगतो, पाकिटातले बी उगवेल की नाही हे सांगत नाही. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती वर्षभरातच झपाट्याने उतरते. ते कळते तपासणीच्या तारखेवरून आणि उगवणीच्या टक्क्यांवरून. २०२० सालच्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा पाकिटांवरच्या शेंगांनी लगडलेल्या झाडांचा कुणाला उपयोग झाला नाही. उपयोगी ठरले ते बिल, पाकीट आणि लॉट नंबर. म्हणून फोटो कितीही खरा असला, तरी त्याने लेबलला कोपऱ्यात ढकलता कामा नये. आज बहुतेक पाकिटांवर नेमके हेच होते. फोटो हातभर आणि तारीख मुंगीएवढी.

बी फसले तर तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले. तपासणीसाठी शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवला असेल, ही अपेक्षाही अवास्तव असल्याचे न्यायालयाने म्हटले. तरीही रिकामे पाकीट पुढचा कांदा विकला जाईपर्यंत फेकू नये. त्यावरचा फोटोही उद्या पुराव्याचा भाग ठरू शकतो.

एका ओळीचा उपाय

यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. प्रत्येक फोटोखाली वाचता येईल अशा अक्षरांत एक ओळ छापावी: ‘लागवडीनंतर १२० दिवस, शिनोली, ता. आंबेगाव, एप्रिल, ठिबकवर’. पीक कोणत्या अवस्थेत आहे, कुठे आहे, कोणत्या महिन्यात आहे आणि पाणी कसे दिले, हे चार तपशील त्यात आले. पुढचा शेतकरी आपल्या शेताशी ताडून पाहील. जुळले नाही तर दुकानदाराला विचारील.

ही ओळ छापायची ठरली, की बाकीचे आपोआप सुधारते. १२० दिवस लिहिल्यावर ताठ हिरवी पात दाखवता येत नाही. एप्रिल लिहिल्यावर पावसाळी आभाळ चालत नाही. शिनोली लिहिल्यावर कुणाला तरी सकाळी सातला शिनोलीच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते. आणि ज्याचा चेहरा छापायचा, त्याला तरी विचारावे लागते की बाबा, हे बी तू पेरले होतेस का.